मुलाखतीआधी मागितलेला परिचयाचा व्हिडिओ: उत्तर कसे द्यावे?

प्रश्न: मी हिंगोलीची आहे, बी.एस्सी. रसायनशास्त्र झाले आहे. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी अर्ज केला होता. आता मेल आला आहे की पहिल्या मुलाखतीआधी स्वतःची ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ पाठवा. या मेलला काय उत्तर द्यायचे आणि व्हिडिओ कसा पाठवायचा?

उत्तर:

मी वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करतो आणि असे व्हिडिओ पाहणे हा माझ्या कामाचा भाग आहे. माझा पहिला सल्ला असा, की व्हिडिओ तयार होईपर्यंत मेल अनुत्तरित ठेवू नका. बहुतेक उमेदवार चार दिवस तयारी करतात आणि शेवटच्या रात्री एकदम व्हिडिओच पाठवतात, त्यामुळे किती लांबीचा, कोणत्या भाषेत आणि कुठे पाठवायचा हे त्यांनी कधी विचारलेलेच नसते. मेल आला त्याच दिवशी, त्याच मेलला ‘रिप्लाय’ करून चार ओळी पाठवाव्यात. विषयाची ओळ बदलू नये, म्हणजे आमच्याकडे तुमचा अर्ज आणि तुमचे उत्तर एकाच ठिकाणी दिसते. मेल इंग्रजीत आला असेल तर उत्तरही इंग्रजीतच द्यावे. आशय मात्र असा असावा:

“नमस्कार. क्वालिटी कंट्रोल पदासाठी परिचयाचा व्हिडिओ पाठवण्याबाबतचा आपला मेल मिळाला. मी तो गुरुवारी सायंकाळपर्यंत पाठवेन. तो किती मिनिटांचा असावा, मराठी, हिंदी की इंग्रजीत असावा आणि ड्राइव्हची लिंक चालेल का, एवढे कृपया कळवावे. आपले उत्तर न आल्यास मी साधारण दीड मिनिटाचा, इंग्रजीतील व्हिडिओ ड्राइव्हच्या लिंकने पाठवेन.”

यातले शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगाचे आहे. आमच्या विभागातून प्रत्येक प्रश्नाला वेळेवर उत्तर जाईलच असे नाही, पण या वाक्यामुळे तुमचे काम अडत नाही आणि नंतर कोणी आक्षेपही घेत नाही. हे उत्तर पाठवण्याआधी मेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाचा आहे का, हे पाहून घ्या. व्हिडिओत आधार कार्ड दाखवा, बँकेचा तपशील सांगा किंवा नोंदणीचे पैसे भरा असे कोणी म्हणत असेल, तर तो भरतीचा मेल नाही असे समजावे.

आता बोलण्याविषयी. आपल्या भागातल्या मुलामुलींचे व्हिडिओ पाहताना मला एकाच गोष्टीची हळहळ वाटते. शाळेत शिकवलेल्या पद्धतीप्रमाणे ते नाव, वडिलांचे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, भावंडे आणि छंद सांगतात, आणि ज्या कामासाठी बोलावले त्याचा उल्लेख येतो तेव्हा वेळ संपत आलेली असते. ही सगळी माहिती अर्जात आहेच. माणूस काम समजून बोलतो का, हे मला व्हिडिओतून कळायला हवे असते.

माझ्या भाच्याचे उदाहरण सांगतो. तो जिंतूर तालुक्यातला, यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला, आणि अर्ज गुणवत्ता निरीक्षकाच्या जागेसाठी होता. त्याच्या पहिल्या मसुद्यात कामाविषयी “मला गुणवत्ता क्षेत्राची आवड आहे” एवढे एकच वाक्य होते. मी त्याला अप्रेंटिसशिपच्या वर्षातला एखादा प्रसंग आठवायला सांगितला. तेव्हा त्याने सांगितले, की एका बुशचा आतला व्यास तो दर तासाला बोअर गेजने मोजत असे, आणि एके दिवशी प्रत्येक मोजमाप आधीच्यापेक्षा किंचित कमी येत होते. माल अजून ठरलेल्या मर्यादेतच होता, तरी त्याने सुपरवायझरला ओळीने लिहिलेली मोजमापे दाखवली. बोअरिंगचे इन्सर्ट झिजत चालले होते, ते बदलले आणि पुढचा माल नाकारला जाण्यापासून वाचला. मी त्याला म्हटले, तुझा व्हिडिओ हाच आहे. त्याने नाव, पदविका आणि जागेचे नाव पंधरा सेकंदांत सांगितले, सुमारे पन्नास सेकंद हा प्रसंग सांगितला आणि उरलेल्या वेळात कोणती मोजमापाची साधने वापरता येतात, तिन्ही पाळ्यांत काम करायची तयारी आहे आणि कधीपासून रुजू होता येईल, हे सांगून थांबला.

तुमच्याकडेही प्रयोगशाळेतला असा प्रसंग असेल. टायट्रेशनची तीन मोजमापे एकमेकांशी जुळेनात तेव्हा तुम्ही कारण कसे शोधले, ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला होता की द्रावण जुने झाले होते, हे सांगितले तर क्वालिटी कंट्रोलच्या माणसाचे लक्ष लगेच वेधले जाईल. मात्र जे तुम्ही खरोखर केले तेच सांगा, कारण मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.

दीड मिनिटासाठी साधारण दीडशे शब्द पुरतात. ते पाठ करून म्हणू नका. पाठ केलेले बोलताना डोळे वर जातात आणि आवाज एका सुरात राहतो. चार मुद्दे कागदावर लिहून तो मोबाइलच्या लेन्सच्या अगदी खाली चिकटवावा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास खिडकीकडे तोंड करून बसावे, मोबाइल आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. पंखा बंद ठेवावा आणि वायरच्या इयरफोनचा माइक वापरावा, कारण पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. चित्र थोडे अंधुक असले तरी मी व्हिडिओ पाहतो, पण शब्द ऐकू आले नाहीत तर पुढे जाण्यावाचून इलाज नसतो.

पाठवताना मात्र विशेष काळजी घ्या, कारण माझ्या भाच्याचे काम इथेच अडले होते. जीमेलवरून २५ एमबीपर्यंतचीच फाइल जोडता येते आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर सहज त्याच्या कितीतरी पट भरतो. म्हणून त्याने तो ड्राइव्हवर चढवून शेवटच्या दिवशी रात्री अकराला लिंक पाठवली. लिंकची परवानगी `Restricted` अशीच राहिली होती. कंपनीतल्या बाईंनी लिंक उघडली तेव्हा त्यांना परवानगी मागण्याचा पडदा दिसला आणि त्यांची विनंती भाच्याच्या दुसऱ्याच जीमेल खात्यावर गेली, जे तो उघडतच नव्हता. दोन दिवसांनी त्याने स्वतः फोन केला म्हणून हे कळले. बाई समजूतदार होत्या, त्यांनी व्हिडिओ पाहून त्याला मुलाखतीला बोलावले.

तुम्ही फाइलला `Quality_Control_Introduction.mp4` असे ओळखू येणारे नाव द्या आणि त्यात स्वतःचे नावही घाला. ड्राइव्हमध्ये `Share` दाबून `General access` खाली `Anyone with the link` निवडा आणि भूमिका `Viewer` ठेवा. त्यानंतर ती लिंक क्रोमच्या `New Incognito tab` मध्ये, म्हणजे तुमचे खाते उघडलेले नसताना, उघडून पाहा आणि व्हिडिओ शेवटपर्यंत आवाजासह चालतो याची खात्री करा. स्वतःच्या खात्यातून लिंक नेहमीच उघडते, त्यामुळे ती तपासणी धरू नये. लिंक त्याच जुन्या मेलच्या उत्तरात, व्हिडिओची लांबी आणि तुमचा फोन नंबर लिहून पाठवा, आणि कामाचे दोन दिवस गेले तरी पोच आली नाही तर “लिंक उघडली का?” एवढेच विचारणारा एक फोन करा. निवड प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत फाइल ड्राइव्हवरून काढू नका. पहिल्या फेरीनंतर विभागप्रमुख ती पुन्हा मागतात आणि त्या वेळी लिंक रिकामी निघाल्याचे मी पाहिले आहे.