ताईला उत्तरं पाठ करायला लावू नका

प्रश्न: माझ्या ताईची पुढच्या आठवड्यात मुंबईला अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाची मुलाखत आहे. मी रोज संध्याकाळी तिच्याकडून उत्तरं पाठ करून घेतोय, पण ती अडखळते. नेमकी कोणती उत्तरं पक्की करून घ्यावीत? आणि कागद कोणते न्यावेत?

उत्तर:

एकही उत्तर पाठ करून घेऊ नका. हे मी ठामपणे सांगते, कारण माझी तयारीही माझ्या भावानेच करून घेतली होती आणि माझा व्हिसा नाकारला गेला होता.

माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिला बाळ झालं तेव्हा मी ५४ वर्षांची होते, मिस्टरांना जाऊन सहा वर्षं झाली होती. कराडजवळ माझी पिठाची गिरणी आहे, तिलाच जोडून मिरची कांडप. फॉर्म दादाने पुण्यात बसून भरला. मुलाखतीच्या आदल्या रात्री मी त्याच्याकडे मुक्कामाला होते. जेवणं झाल्यावर त्याने मला गॅलरीत उभं केलं, काचेचं दार ओढून घेतलं आणि स्वतः आत खुर्चीवर बसला. खरी मुलाखत काचेपलीकडूनच होते, उभ्यानेच द्यावी लागते, त्याची सवय हवी म्हणाला. त्याच्या हातात वहीचं पान होतं, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं.

"काय करता?"

मी म्हटलं, "गिरणी चालवते."

त्याने दार सरकवलं. "अगं, गृहिणी म्हण. फॉर्ममध्ये मी तेच लिहिलंय. त्या गिरणीला कोण धंदा म्हणतं? उगाच टॅक्सचं वगैरे विचारत बसतील."

दार बंद. "किती दिवस राहणार?" उत्तर ठरलेलं होतं, सहा महिने. तिकडे उतरल्यावर तेवढी मुदत बहुतेक मिळते, मग कमी कशाला सांगायचं, हा त्याचा हिशेब.

मग त्याने पुढचा प्रश्न वाचला, "इकडे तुमच्या नावावर काय मालमत्ता आहे?"

मी गप्प राहिले. तोही गप्प झाला. त्या पानावर या प्रश्नासमोर उजवीकडे काहीच लिहिलेलं नव्हतं. वडील गेल्यावर २०११ साली दुय्यम निबंधकांच्या कचेरीत मी हक्कसोड पत्रावर सही केली होती. विहिरीखालची अडीच एकर, उसाची. त्या दिवशी मला साडी मिळाली आणि दुपारी हॉटेलात सगळ्यांचं जेवण झालं. दादाने काचेतून माझ्याकडे बघितलं, मग पान उलटलं आणि म्हणाला, "हा प्रश्न विचारत नाहीत शक्यतो."

सकाळी खिडकीवर माझी मुलाखत तीन मिनिटंसुद्धा चालली नसेल. कोणाकडे जाताय? मुलीकडे. किती दिवस? सहा महिने. काय करता? गृहिणी. घरी कोण असतं? कोणी नाही, एकटीच. मी एकदाही अडखळले नाही. अधिकाऱ्याने काहीतरी टाइप केलं आणि पासपोर्टबरोबर एक छापील कागद परत दिला. त्यावर 214(b) लिहिलेलं होतं.

त्या कलमाचा अर्थ तेव्हाच कळला असता तर रात्रीची तालीम मी गॅलरीतच थांबवली असती. पर्यटक म्हणून जाणारा प्रत्येक माणूस तिकडेच राहायला निघालाय, असं त्यांचा कायदा आधी धरून चालतो. तसं नाही, हे पटवून द्यायचं काम अर्जदाराचं. म्हणजे काचेपलीकडच्या माणसाला एवढंच ठरवायचं असतं की ही बाई परत येईल का, आणि कशासाठी येईल. आता माझी उत्तरं त्याच्या जागी बसून ऐका. विधवा, काम नाही, घरात कोणी नाही, एकुलती मुलगी तिकडे, आणि सहा महिने राहायचंय. मीही नाकारलं असतं. त्या अधिकाऱ्याचं काही चुकलं नाही. मला परत यायला लावणारी एकच गोष्ट होती, माझी गिरणी, आणि माझ्याच भावाने ती फॉर्ममधून काढून टाकली होती.

दुसऱ्या वेळी फी पुन्हा भरावी लागली, १८५ डॉलर, पहिली परत मिळत नाही. फॉर्म मी शेजारच्या मुलीला शेजारी बसवून स्वतः भरला, DS-160 नवीनच भरायचा असतो. व्यवसायात गिरणी लिहिली. पूर्वी व्हिसा नाकारला गेलाय का, या प्रश्नाला "हो" लिहिलं. तिथे खोटं लिहू नका, त्यांच्याकडे सगळी नोंद असते.

तालीम पुन्हा दादाकडेच केली, पण या वेळी त्याला म्हटलं, तू फक्त विचार, उत्तरं सांगू नकोस, आणि माझं उत्तर आलं की त्यातूनच पुढचं विचार. तो विचारायला लागला. गिरणी बंद ठेवून जाणार का? नाही, दळण कामाची बाई बघेल, कांडप बंद राहील. का? कारण मिरचीचा हंगाम मार्चपासून मे अखेरपर्यंत, वर्षाची निम्म्याहून जास्त कमाई त्या तीन महिन्यांत होते, आणि मसाला भाजण्याचा अंदाज माझ्याशिवाय कोणाला येत नाही. मग कधी जाणार? दिवाळी झाली की, आणि फेब्रुवारी संपायच्या आत परत. हंगामात रोज किती मिरची पडते? दीडशे किलो. दादा पुढचा प्रश्न विचारायचा थांबला. म्हणाला, "रोज?" बारा वर्षं ती गिरणी मी चालवतेय आणि माझ्या सख्ख्या भावाने हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला होता.

त्या खेपेला मी खिडकीवर मराठीत बोलले. मुंबईला मराठीतून मुलाखत देता येते, आधी सांगायचं फक्त. ताईला इंग्रजी जड जात असेल तर ती त्यामुळेच अडखळत असेल, हे आधी बघा. किती दिवस, या प्रश्नाला मी तीन महिने म्हटलं आणि मार्चचं कारण सांगितलं. अधिकारीण बाईंनी विचारलं, मसाला कुठला? मी म्हटलं, कांदा-लसणाचा. व्हिसा मिळाला.

तेव्हा तुम्ही काय करावं, तर ताईने भरलेला फॉर्म समोर ठेवा आणि त्यातल्या ओळींवर तिला विचारा. फॉर्म तुम्ही भरला असेल तर आधी तो तिला वाचून दाखवा, तिच्या आयुष्यातलं काय गळलंय ते तीच सांगेल. चूक सापडली तर मुलाखतीआधी दुरुस्त अर्ज कसा द्यायचा ते अपॉइंटमेंटच्या साइटवर बघा. आणि "तुझ्या नावावर काय आहे" हेही एकदा विचारा. तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतलं असेल, तर ती का अडखळते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे. मी सही केली ती माझी चूक, पण पेन पुढे करणाऱ्याचीही आहेच. दादाशी हे मी अजून बोललेले नाही, तो हे वाचेल तर वाचू दे.

कागदांचं म्हणाल तर पासपोर्ट, फॉर्मचं बारकोडचं पान, अपॉइंटमेंटचं पत्र. बाकीची फाइल न्या, पण माझी दोन्ही वेळा उघडलीसुद्धा नाही. मोबाइल आत नेता येत नाही.

एक राहिलं. माझ्यासारखंच सगळ्यांचं होईल असं नाही, खरं सांगूनही नाकारतात. आणि तुमच्या कोणा भावाबहिणीने तिकडचं नागरिकत्व घेऊन ताईसाठी ग्रीन कार्डचा अर्ज कधी टाकला असेल, तर फॉर्ममध्ये त्याचा वेगळा प्रश्न आहे, तो लपवू नका. मुद्दाम खोटं सांगितल्याचं ठरलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं.

मी २४ फेब्रुवारीला परत आले. ३ मार्चला पहिली मिरची पडली.