मोजणीला जाताना टोपी कशी घ्यावी

पहिल्यांदाच मे महिन्यात जमिनीच्या मोजणीला जातोयस, तर क्रिकेटची टोपी घरीच ठेव. तिचा छज्जा फक्त कपाळ झाकतो. कान आणि मान उघडीच राहतात, आणि आपलं अर्धं काम तर मान खाली घालून वहीत लिहायचं. चारी बाजूंनी काठ असलेली टोपी घे. काठ किमान साडेसात सेंटीमीटर हवा, म्हणजे साधारण चार बोटं. मी हौसेनं बारा सेंटीमीटरची घेतली होती. दुर्बिणीला डोळा लावला की काठ यंत्रावर आपटायचा, मग ती मागे सरकवायची आणि नाक भाजून घ्यायचं! यंत्रावर काम करणार असशील तर पुढचा काठ वर दुमडता येतो का बघ.

कापड दुकानाबाहेर नेऊन उन्हाकडे धर. उजेडाचे ठिपके दिसले तर विणकाम विरळ आहे, ऊन आत येणारच. घट्ट विणीचं सुती कापड चांगलं, पण घामानं भिजलं की जड होतं आणि लवकर वाळत नाही. पातळ नायलॉन पटकन वाळतं. रंग वरून फिका, काठाच्या खालून गडद असावा. जमिनीवरून येणारी तिरीप डोळ्यात कमी जाते.

हवेसाठी जाळी हवीच, पण ती कानाच्या वर, बाजूला. माथ्यावर जाळी असेल तर टाळू भाजते, विशेषतः माझ्यासारखे केस विरळ असतील तर. आणि हनुवटीखाली दोरी बघूनच घे, माळावर वारा टोपी ठेवत नाही.