यूपीआय पेमेंट 'Pending' दाखवतंय, पैसे कुठे गेले?

प्रश्न: किराणा दुकानात ६४० रुपये स्कॅन करून भरले. खात्यातून कापले गेले, पण स्क्रीनवर 'Pending'. आता काय?

उत्तर: तुमच्या बँकेने पैसे वजा केलेत, पण दुकानदाराच्या बँकेकडून जमा झाल्याचा निरोप अजून आलेला नाही. त्यामुळे व्यवहार एकतर पूर्ण होईल, नाहीतर पैसे परत येतील. लगेच दुसऱ्यांदा भरू नका, दोन्ही पेमेंट लागू शकतात. ॲपमधला यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा १२ आकडी ओळख क्रमांक, जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानातलं अडकलेलं पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत, तर व्यक्तीला पाठवलेलं १ दिवसात आपोआप परत यायला हवं. त्यापुढे बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. मुदत उलटली तर ॲपमधून त्याच व्यवहारावर तक्रार टाका.