तीन विषयांपेक्षा बेरीज मोठी कशी?

"मॅडम, मुलीला सेकंड पीयूसीला पीसीएममध्ये 91 टक्के पडले. महाराष्ट्राच्या सीईटीला फिजिक्स 88.2, केमिस्ट्री 90.1, मॅथ्स 86.7 आणि टोटल 91.4. तिन्ही विषयांत कमी, मग टोटल जास्त कशी? आणि केसीईटीत तर रँक थेट 21 हजार. कुठंतरी चुकलंय बघा."

निपाणीहून हे गृहस्थ बेळगावला आले, तेव्हा वहीच्या फाटक्या पानावर तिन्ही विषयांची सरासरी काढून आणली होती : 88.33. त्या आकड्याखाली दोन रेघा ओढलेल्या. मुलगी शेजारी गप्प बसलेली. सीमाभागातली बरीच मराठी मुलं महाराष्ट्राची सीईटी आणि कर्नाटकची केसीईटी अशा दोन्ही राज्यांच्या परीक्षा देतात. वादग्रस्त भागात राहणाऱ्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला टाइप-ई म्हणून अर्ज करता येतो. त्यामुळे एकाच टेबलावर टक्के, पर्सेंटाइल आणि रँक हे तिन्ही कागद येतात, आणि असा गोंधळ दरवर्षी मे-जूनमध्ये माझ्यासमोर उभा राहतो.

गुणपत्रिका बरोबर होती, चूक सरासरी काढण्यात होती. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळालेली मुलं शंभरात किती, हे तो आकडा सांगतो. गुणांची बेरीज होते, रांगेतल्या जागांची होत नाही.

त्याच पानाच्या मागे मी तीन मुलं मांडली, पन्नासपैकी गुण धरून. पहिल्याला फिजिक्समध्ये 45 आणि केमिस्ट्रीत 20. दुसऱ्याला 22 आणि 44. तुमच्या मुलीला 40 आणि 38. फिजिक्समध्ये ती दुसरी, केमिस्ट्रीतही दुसरीच. आता बेरीज करा म्हटलं. त्यांनीच केली : 65, 66 आणि 78. "अरे, ही पहिली आली की!" फिजिक्समध्ये तिच्या पुढे गेलेला मुलगा केमिस्ट्रीत मागे पडला, केमिस्ट्रीतला फिजिक्समध्ये. तिन्ही विषय सारखे सांभाळणारी मुलं कमी असतात, म्हणून टोटलमध्ये ती वर सरकली. एखाद्या विषयात आपटलेल्या मुलाचं उलट होऊ शकतं.

मग टक्क्यांकडे वळलो. सेकंड पीयूसीचे, म्हणजे बारावीचे 91 आणि पर्सेंटाइलचे 91 शेजारी दिसतात हा निव्वळ योगायोग. मुलीने उत्तरतालिकेशी ताडून आपले गुण मोजले होते : 200 पैकी 108, म्हणजे 54 टक्के. "चोपन्न?" वडिलांचा चेहरा पडला. पण पेपरच असा असतो की 54 टक्क्यांवरही शंभरातली नव्वदच्या वर मुलं तिच्याबरोबर किंवा मागे राहिली. महाराष्ट्राची सीईटी अनेक दिवस, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते, पेपर वेगवेगळे असतात. एका शिफ्टचा अवघड, एकाचा सोपा. कच्चे गुण थेट ताडले तर अन्याय होईल, म्हणून प्रत्येक शिफ्टमधलं स्थान काढतात. 108 गुणांना दुसऱ्या शिफ्टमध्ये वेगळं पर्सेंटाइल मिळू शकलं असतं. केसीईटीत प्रत्येक विषयाचा पेपर सगळ्यांना एकाच वेळी असतो, तिथे गुणच ताडता येतात.

आता ती 21 हजारांची रँक. केसीईटीच्या इंजिनिअरिंग रँकमध्ये पीयूसीचे पीसीएम निम्मे आणि सीईटीचे गुण निम्मे. तिला 180 पैकी 96 होते, म्हणजे 53.33 टक्के. 91 चे निम्मे 45.5, 53.33 चे निम्मे 26.67, मिळून 72.17. या आकड्यावरून रांग लावतात.

"पण 21 हजार म्हणजे लई मागं की." किती जणांत, ते विचारायचं राहिलं होतं. समजा रँक मिळालेली मुलं अडीच लाख. तर तिच्या पुढे साधारण 8.4 टक्के. इकडे 91.4 पर्सेंटाइल म्हणजे पुढे साधारण 8.6 टक्के, परीक्षार्थी तीन लाख धरले तर सुमारे 25,800 मुलं. ज्या आकड्याने ते रडकुंडीला आले होते आणि ज्याचे पेढे वाटले होते (वाटलेच होते, मुलगी हळूच म्हणाली), ते दोन्ही जवळपास एकच गोष्ट सांगत होते. अर्थात दोन्हीकडची गर्दी वेगळी आणि केसीईटीत बारावीचा वाटा आहे, म्हणून एकावरून दुसरा आकडा काढून कॉलेज ठरवायला मी कुणाला सांगत नाही.

कटऑफची यादी मात्र जशीच्या तशी वापरा. महाराष्ट्राच्या यादीत पर्सेंटाइल बघायचं, कर्नाटकच्या यादीत शेवटची रँक, तीही आपल्याच प्रवर्गाच्या रकान्यातली आणि त्याच फेरीची. पर्सेंटाइल जितकं मोठं तितकं चांगलं, रँक जितकी लहान तितकी.

त्यांनी ते पान घडी घालून खिशात ठेवलं. निघताना मुलगी म्हणाली, "पप्पा, ती खालची सरासरी खोडा की."