ब्लॅक चॅनेल : काळी वाहिनी, बेभरवशाची वाहिनी की आणखी काही?

"सेफ्टी पीएलसीच्या मॅन्युअलचं मराठी करतोय. 'ब्लॅक चॅनेल'ला 'काळी वाहिनी' लिहिलं तर साहेब म्हणाले, चोरीचा मामला वाटतो. मग 'बेभरवशाची वाहिनी' चालेल का?"

साहेबांचं बरोबर आहे, काळा बाजार, काळा पैसा, काळे धंदे, मराठीत 'काळा' लावला की पहिला वास लपवाछपवीचाच येतो. ब्लॅक चॅनेल म्हणजे सेफ्टीचे निरोप ज्या नेटवर्कवरून जातात ते, आणि इथला ब्लॅक हा ब्लॅक बॉक्समधला ब्लॅक आहे, तोही विमानातला नाही (तो तर नारिंगी असतो), तर इंजिनिअर लोक म्हणतात तो, म्हणजे आत काय चाललंय ते आपण बघतच नाही, एका टोकाला काय घातलं आणि दुसऱ्या टोकाला काय आलं एवढंच बघतो. याची जोडी आहे व्हाइट चॅनेल, ज्यात केबलपासून स्विचपर्यंत वाटेतली प्रत्येक गोष्ट सेफ्टीच्या नियमाने बनवलेली आणि तपासलेली लागते. आयईसी 61508 या सेफ्टीच्या मानकाच्या 2010 च्या आवृत्तीत ही जोडी दिलेली आहे.

पण 'बेभरवशाची' पण नको, आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण अर्थ इथेच घसरतो. बेभरवशाची म्हटलं की वाहिनी वाईट आहे असा आरोप होतो. ब्लॅक चॅनेल म्हणजे साधं, चांगलं चालणारं इंडस्ट्रियल इथरनेट असू शकतं, फक्त सेफ्टीचा हिशोब करताना त्याच्या चांगुलपणाचा एक पैसाही जमेला धरायचा नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे, भिस्त. "माझी त्याच्यावर भिस्त नाही" म्हणजे तो माणूस खोटा आहे असं नाही, त्याने दगा दिला तरी माझं काम अडणार नाही अशी सोय मी केलेली आहे. म्हणून मी पहिल्यांदा "ब्लॅक चॅनेल, म्हणजे ज्यावर सुरक्षेची भिस्त नाही अशी वाहिनी" असं लिहीन आणि पुढे सरळ ब्लॅक चॅनेलच वापरीन, कारण पॅनेलसमोर उभा राहणारा टेक्निशियन तेच म्हणतो.

आता भिस्त वाहिनीवर नाही तर कशावर, ते प्रोफिसेफ या सेफ्टी निरोप पाठवायच्या पद्धतीचं उदाहरण घेऊन बघू (पहिलं स्पेसिफिकेशन 1999 चं, तेव्हा प्रोफिबससाठी, आता प्रोफिनेटवर पण प्रोफिसेफ चालतं). समजा मशीनवरचं लाल इमर्जन्सी बटण एका रिमोट आयओच्या पिवळ्या सेफ्टी मॉड्यूलला जोडलंय आणि सेफ्टी पीएलसी तिकडे दूर पॅनेलमध्ये आहे. मॉड्यूल बटणाची स्थिती पाठवतं, सोबत एक स्टेटस बाइट आणि शेवटी सीआरसी, म्हणजे सगळ्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, निदान 24 बिटांची. मधला स्विच हे पाकीट बाकीच्या डेटासारखंच पुढे ढकलतो, त्याला आत काय आहे याचा पत्ताही नसतो.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सीआरसी काढताना काही अशा गोष्टी पण मिसळतात ज्या तारेवरून जातच नाहीत. दोन्ही टोकं आपापल्याकडे निरोपांचा क्रमांक मोजत असतात, तो क्रमांक पाठवत नाहीत, पण हिशोबात धरतात, आणि कोण कोणाशी बोलतंय तो सेफ्टी पत्ता पण तसाच धरतात. त्यामुळे एखाद्या स्विचने मघाचाच निरोप परत दिला, दोन निरोपांचा क्रम उलटा झाला किंवा शेजारच्या अगदी तशाच मशीनचं पाकीट चुकून इकडे आलं, तर मजकूर अक्षर न् अक्षर शाबूत असूनही सीआरसी जुळत नाही. हरवलेल्या आणि उशिरा आलेल्या निरोपासाठी वॉचडॉगचं घड्याळ आहे, F_WD_Time मध्ये दिलेल्या वेळात नवा, जुळणारा निरोप आला नाही की पीएलसी इनपुट शून्य धरतो. आणि इमर्जन्सी बटणाच्या बाबतीत शून्य म्हणजे दाबलेलं, म्हणजे मशीन बंद. आपल्याकडे मौन म्हणजे संमती म्हणतात ना, इथे मौन म्हणजे नकार.

म्हणून तुमच्या अनुवादात एक वाक्य आवर्जून घाला, की ब्लॅक चॅनेल आहे म्हणून कसलंही नेटवर्क चालेल असं नाही. नेटवर्क खराब असेल तर माणूस सुरक्षित राहतो पण लाइन सारखी थांबते. आमच्या इथे एका लाइनवर वायरलेसवरची ट्रान्सफर कार होती, तिचा F_WD_Time 300 मिलिसेकंद, ती दिवसातून चार-पाच वेळा आपोआप थांबायची आणि डायग्नोस्टिक बफरमध्ये सेफ्टीचा वॉचडॉग संपल्याची नोंद. कुणी म्हणे मॉड्यूल बदला, कुणी म्हणे वेळ 800 करून टाका. मग ऑपरेटरला थांबलेल्या जागी खडूने खूण करायला सांगितली, दोन दिवसांत सगळ्या खुणा एकाच खांबापाशी गोळा झाल्या, जिथे कार एका अ‍ॅक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे जायची तिथेच. अ‍ॅक्सेस पॉइंट हलवला, प्रश्न मिटला.

आणि 800 का नाही केलं, तर वॉचडॉगची वेळ प्रतिसादाच्या वेळेत धरावी लागते. निरोप पोचलाच नाही अशा वाईटात वाईट वेळी कार थांबायला आणखी 500 मिलिसेकंद उशीर. आयएसओ 13855 मध्ये चालत येणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला 1600 मिलिमीटर धरतात, म्हणजे तेवढ्यात माणूस 800 मिलिमीटर आत आलेला असेल, म्हणजे माणूस आत शिरला की कार थांबवणारा लाइट कर्टन 80 सेंटिमीटर मागे सरकवायला हवा, आणि तिथे मागे जागाच नव्हती. स्क्रीनवर नुसता आकडा बदलायचा असतो म्हणून लोकांना तो फुकट वाटतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

जाता जाता माझ्या वरच्या वाक्यातल्या 'सुरक्षा' या शब्दाबद्दल, कारण पुढच्या धड्यात तुम्ही तिथे अडकाल. सेफ्टी आणि सिक्युरिटी दोन्हींना आपण सुरक्षाच म्हणतो. ब्लॅक चॅनेलची पडताळणी आपोआप होणाऱ्या बिघाडासाठी आहे, म्हणजे बिट उलटणं, निरोप हरवणं, रस्ता चुकणं. सीआरसी कसा काढायचा ते स्पेसिफिकेशनमध्येच दिलेलं असतं, त्यात गुप्त असं काही नाही, त्यामुळे नेटवर्कमध्ये शिरलेला माणूस जाणूनबुजून जुळणारं पाकीट बनवू शकतो. तिथे वेगळे उपाय लागतात, त्यासाठी आयईसी 62443 ही वेगळी मानकं आहेत. मी सेफ्टीला 'सुरक्षा' ठेवतो आणि सिक्युरिटीला 'सायबर संरक्षण' लिहितो, आणि ज्या वाक्यात दोन्ही आले तिथे सरळ सेफ्टी आणि सिक्युरिटी लिहितो, तिथे मराठी शब्दाचा हट्ट धरत नाही.