ग्रुपला स्लाइड वाटून देणारा ईमेल

पाच जणांच्या ग्रुपची मी लीड आहे. कोणी कोणता भाग करायचा, कधीपर्यंत द्यायचा आणि स्लाइड कशा असाव्यात, हे एकाच ईमेलमध्ये कसं लिहू?

आधी पाचही फाइल जोडायला कधी बसणार ते ठरवा आणि तारखा तिथून मागे मोजत या. पहिल्यांदा लीड असताना मी सगळ्यांना सादरीकरणाच्या आदल्या रात्रीची वेळ दिली होती. फाइल वेळेवर आल्या, तरी मी पहाटे तीनपर्यंत जागी होते. दोघांच्या स्लाइड ४:३ मापाच्या, बाकीच्यांच्या १६:९. एकीने मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता, त्यामुळे शब्दांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत होती. ती सगळी पानं पुन्हा टाइप करावी लागली.

तेव्हापासून मी नियम लिहून पाठवण्याऐवजी तयार कोरी फाइल जोडते. माप, फॉन्ट, रंग सगळं तिच्या Slide Master मध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडना लागू होणाऱ्या मूळ साच्यात, बसवलेलं असतं. ईमेलमध्ये एकच गोष्ट ठासून सांगते: मजकूर आखून दिलेल्या चौकटींतच टाइप करा, वेगळा Text Box घेऊ नका. चौकटीतला मजकूर मास्टर बदलला की आपोआप बदलतो. सुट्या बॉक्समधल्या मजकुराचा आकार आणि जागा मात्र एकेक करून हाताने नीट करावी लागते.

भाग वाटताना विषयाचं नुसतं नाव देऊ नका. ‘खर्च’ एवढंच लिहिलं, तर पार्श्वभूमी दोघं सांगतात आणि निष्कर्ष कोणीच सांगत नाही. प्रत्येकाला एक प्रश्न द्या आणि त्याची हद्दही सांगा. शुक्रवारी सादरीकरण असेल, तर एकीच्या वाट्याचा मजकूर असा:

> भाग ३: पहिल्या वर्षी किती खर्च येईल आणि तो कशावर?
> जास्तीत जास्त ४ स्लाइड. योजनेची ओळख भाग १ मध्ये होते, ती पुन्हा नको. शेवटच्या स्लाइडवर एकूण आकडा हवा, कारण भाग ४ तिथूनच सुरू होतो.
> कच्चा मसुदा: सोमवार, रात्री ८. पक्की फाइल: मंगळवार, रात्री ८.
> फाइलचं नाव: `03_kharch.pptx`
> बुधवारी मी जोडणी करेन. त्यानंतरचे बदल मला कळवा, आपल्या फाइलमध्ये करू नका.

शेवटची ओळ गाळू नका. नाहीतर गुरुवारी ‘नवीन फाइल पाठवलीय’ असा निरोप येतो आणि नेमकं काय बदललंय ते शोधत बसावं लागतं.

पाचही जणांचे भाग एकाच ईमेलमध्ये सगळ्यांना दिसू द्या. शेजारच्याची हद्द कळली की आपली आपोआप कळते. आणि उद्यापर्यंत प्रत्येकाकडून एक वाक्य मागा: ‘माझा भाग ऐकून लोकांना काय कळेल?’ दोघांची वाक्यं सारखी आली, तर कोणी काय सोडायचं ते लगेच फोनवर ठरवता येतं. तोवर कोणी स्लाइड बनवायला घेतलेली नसते.