जुनी पुस्तकं ऑनलाइन विकताना पोस्टेज कसं वाचवायचं?

प्रश्न: रद्दीवाल्याकडून किलोने पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण पाठवण्यातच नफा जातो. काय करावं?

उत्तर: पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' वापरा. मे 2025 पासून ती सुरू आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100, वर कर. ट्रॅकिंग मिळतं, पण माल रस्त्याने-रेल्वेने जातो, म्हणून उशिराची कल्पना गिऱ्हाइकाला आधीच द्या. आत जाहिरातीचं पत्रक घालू नका, नियमात बसत नाही.

खरी गंमत वजनात आहे. 270 ग्रॅमची कादंबरी जाड खोक्यात घातली की 320 होते आणि वरच्या टप्प्यात जाते. प्लास्टिकची पिशवी, चार कोपऱ्यांना पुठ्ठा आणि खाकी कागद एवढ्यावर भागवा. घरीच काट्यावर तोला.

रद्दीतून उचलताना पुस्तक उघडून वास घ्या. कुबट वास किंवा कसरीची भोकं दिसली तर फुकटातही नको, बाकीच्या पुस्तकांना लागण होते. वाचनालयाचा शिक्का असेल तर 'रद्द' असंही मारलेलं आहे का बघा. नसेल तर सोडा.

वर्णनात 'चांगली स्थिती' एवढंच लिहिणारे विक्रेते मला पटत नाहीत. 'बांधणी घट्ट, पानं पिवळी, पहिल्या पानावर नाव, दोन प्रकरणांत पेन्सिलच्या खुणा' असं लिहा आणि सगळ्यात वाईट पानाचाच फोटो टाका. परत आलेल्या एका पार्सलचा खर्च दोन-तीन पुस्तकांचा नफा खातो.